एका चिठ्ठीवरचे दोन अंगठे

शनिवारच्या बाजाराला गेलेली मीरकी आणि तिचा नवरा मनशू पडावावर परत आले नाहीत, आणि जिबलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते रविवार, सोमवार, मंगळवार वाढतच गेलं.

मीरकी म्हणजे जिबलीची धाकटी जाऊ. दोघी भावांच्या बायका, दोघी एकाच गावच्या, डांगातल्या. दिवाळीनंतर दोन्ही जोड्या बारडोलीकडच्या उसात उतरल्या होत्या. नवराबायको मिळून एक कोयता, असे अठरा कोयते गुलाबभाई मुकादमाच्या टोळीत होते. पडाव म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या अठरा झोपड्या, पडीक रानात शेजारी शेजारी, आणि त्यात मीरकीची झोपडी जिबलीच्या झोपडीला लागूनच. आता ती रिकामी होती. चूल पुसलेली, कळशी पालथी. नीटनेटकेपणाने पळून गेली होती बाई! जिबलीला त्याचाही राग आला.

"गेली असंल कुठं सरकारी दवाखान्यात," जिबलीचा नवरा लासू म्हणाला. "मनशूची पाठ दुखत होतीच."

"पाठ दुखती म्हणून कोण गोधडी घेऊन जातं का? घरी गेलीय ती. सुमीकडं."

सुमी ही जिबलीची एकुलती एक पोर. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येऊन बसली होती, म्हाताऱ्या आजीजवळ. दिवस भरत आले होते. जिबलीला दुसरं काही नको होतं. पोरीच्या उशाशी आपण असावं, नातवंडाला पहिलं पाणी आपण घालावं, एवढंच. त्यासाठी ती आठ दिवसांपूर्वी मुकादमासमोर हात जोडून उभी राहिली होती.

गुलाबभाई तंबाखू मळत म्हणाला होता, "बाळंत पोरगी होणार का तू? तू जाऊन काय करणार?"

"पंधरा दिवस द्या, भाई. पाचवी झाली की लगेच येते."

"आणि कोयता? लासू एकटा काय ऊस तोडणार, का उसाशी गप्पा मारणार? पावसाळ्यात वीस हजार घेतलेत. डेढी फिटली की जा, अडवणारा मी कोण?"

डेढी म्हणजे दीडपट. आषाढात घरात दाणा नसताना वीस हजार घ्यायचे आणि हंगाम संपल्यावर मजुरीतून तीस हजार कापून द्यायचे. तोवर हातात रोकडा पडत नाही. पंधरा दिवसांनी ज्वारी मिळते, ती पण खात्यावर. आधार कार्डं आणि रेशनकार्ड मुकादमाच्या घरी, 'सांभाळायला' ठेवलेली. आणि कुणी निघालंच तर रस्त्याच्या तोंडाशी मुकादमाचा पुतण्या मोटारसायकल लावून बसलेला असायचा. मागच्या वर्षी एका जोडीला त्याने डांगाकडे जाणाऱ्या वघईच्या बसमधून उतरवून आणलं होतं. त्या माणसाच्या पाठीवरचे वळ सगळ्या टोळीने पाहिले होते.

म्हणून मीरकी गेली याचं जिबलीला नवल वाटलं, आणि नवलाच्या मागोमाग जळफळाट आला. सांगायचं तर हा जळफळाट आजचा नव्हता, वीस वर्षांचा होता.

सुमी दोन वर्षांची असताना जिबली उसातच तापाने पडली होती. तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली मीरकी पोरीला आपल्या झोपडीत घेऊन गेली. जिबली महिन्याने उठली, पण पोर काही परत आली नाही. म्हणजे दिवसा आईकडे यायची. रात्री झोपायला काकी. खरचटलं की काकी, भूक लागली की काकी. मीरकीला स्वतःचं लेकरू झालं नाही. लोक म्हणत, बिचारी. जिबलीही चारचौघांत म्हणायची, बिचारी. मनात म्हणायची, आयत्या बिळावर नागोबा! आणि सुमीच्या लग्नात सासरी निघताना पोरीने आईच्या पाया पडून काकीच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला होता, तो जिबलीच्या कानातून अजून गेला नव्हता. मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या. जिबलीचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

आणि आता ही बया पोरीच्या उशाशी बसली असणार. तेल लावत असणार. "काकी, दुखतंय गं," सुमी म्हणत असणार. जिबली कोयता इतक्या जोराने मारायची की ऊस बुडाऐवजी गुडघ्याच्या उंचीवर तुटायचा.

"अगं, खाली तोड, खाली," लासू ओरडायचा. "बुडखा ठेवला तर शेतकरी बोंबलंल."

"बोंबलू दे."

मंगळवारी संध्याकाळी गुलाबभाई स्वतः तिच्या चुलीपाशी आला. बसला. हा माणूस चुलीपाशी बसला की समजावं, काहीतरी शिजतंय.

"जिबले, तू समजूतदार आहेस म्हणून सांगतो. उचल घेताना दोन भावांची चिठ्ठी एकच केली होती. आठवतं?"

आठवत होतं. भाऊ भाऊ वेगळे कशाला, एकाच कागदावर दोन अंगठे मारा, असं तोच म्हणाला होता. टोळीत सगळ्या भावाभावांच्या चिठ्ठ्या अशाच होत्या.

"कोयता पळाला की त्याची उचल चिठ्ठीवरच्या दुसऱ्याच्या माथी. टोळीचा रिवाजच आहे. मी नाय केला. तुमचे तीस, त्यांचे तीस. या हंगामात नाय फिटत. पुढच्या दिवाळीला पण यावं लागंल तुम्हाला."

लासूच्या हातातली भाकर हातातच राहिली. जिबलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि खरी गंमत अशी की ती आग मुकादमावर गेलीच नाही. सरळ मीरकीवर गेली. पोर घेतली, आता पोरीचं बाळंतपण घेतलं, आणि वर स्वतःचं ओझं माझ्या डोक्यावर टाकून गेली!

जाता जाता मुकादम आणखी एक सांगून गेला. "उद्या परवा कुणी साहेब येईल म्हणतात. कुणीतरी कागाळी केलीय. विचारलं तर सांगायचं, आम्ही आमच्या मर्जीने आलो, मर्जीने राहतो. तू टोळीतली जुनी. तू बोलशील तसं बाकीचे बोलतील. तू नीट बोललीस तर मीरकीच्या उचलीचं मी बघतो काहीतरी."

साहेब गुरुवारी सकाळी आले. दोन जीपा. एकीतून प्रांतसाहेब, मामलेदार, मजूर खात्याचा एक माणूस आणि कारकून उतरले. दुसरीतून दोन पोलीस. त्यांच्यामागून मजूर युनियनच्या ऊर्मिलाबेन उतरल्या, आणि ऊर्मिलाबेनच्या मागून मीरकी.

मीरकी! केस विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी, कुणाची तरी मागून नेसलेली असावी. मनशू तिच्यामागे, पाठीला हात लावून. सगळा पडाव बघत राहिला. जिबलीने पाहिलं आणि तिला वाटलं, झाली की ही साहेबीण! घरी जाऊन, पोरीला भेटून, मनसोक्त मिरवून आता जीपमधून आली आमची मजा बघायला.

पोलिसांनी मुकादमाला आणि त्याच्या पुतण्याला रस्त्यापलीकडे ट्रकापाशी नेऊन थांबवलं. प्रांतसाहेबांनी आंब्याखाली खुर्ची टाकायला लावली आणि एकेकाला बोलवायला सांगितलं, इतरांनी लांब थांबायचं. कुणी पुढे होईना. बाकीचे सोळा कोयते जिबलीकडे बघत होते. ती पदर खोचून पुढे गेली.

साहेब तरुण होते, चष्मेवाले. कारकुनाच्या मांडीवर कागद. ऊर्मिलाबेन बाजूला उभ्या, हाताची घडी घालून.

"नाव?"

"जिबली लासू."

"इथे स्वतःच्या मर्जीने काम करता?"

"हो साहेब. मर्जीने आलो, मर्जीने राहतो." पाठ केलेलं घडाघडा म्हणून झालं, आणि मग पाठ न केलेलंही बाहेर पडलं. "आम्हाला कुणी बांधलेलं नाय. जायचं तेव्हा जातो, यायचं तेव्हा येतो. ती मीरकी आलीय ना तुमच्याबरोबर, ती खोटारडी आहे. पैसे घेतले आणि पळाली. चोराच्या उलट्या बोंबा! तिला इथंच ठेवा, साहेब. तिच्या वाटचा ऊस तिनं तोडायला पाहिजे."

तिला हलकं वाटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसासमोर मीरकीला नाव ठेवायला मिळालं होतं. कारकून लिहीत होता. लिहून झाल्यावर साहेबांनी कागद घेतला आणि तिला वाचून दाखवला. "मी माझ्या मर्जीने काम करते. मला येण्याजाण्याला कुणाची आडकाठी नाही." मग शाईची डबी पुढे सरकवली.

जिबलीने अंगठा शाईवर टेकवला. साहेब म्हणाले, "जरा थांबा. तुमची मुलगी बाळंत व्हायची आहे ना?"

तिचा अंगठा हवेतच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिवस भरलेत म्हणे. मग तुम्ही इथे कशा? येण्याजाण्याला आडकाठी नाही म्हणता, तर आज जा घरी. जीप आहे. आत्ताच बसा."

जिबलीला हसूच आलं. शिकलेला माणूस, पण किती भोळा! "आता कशी जाईन, साहेब? डेढी कुठं फिटलीय?"

"डेढी म्हणजे?"

"वीस घेतले त्याचे तीस. ते फिटल्याशिवाय भाई कसा सोडंल? आणि आता तर त्या मीरकीचे तीस पण माझ्या माथी बसवलेत. पुढच्या दिवाळीला पण सुटका नाय."

"विचारून बघितलंत का त्यांना?"

"विचारलं की! हात जोडले. म्हणाला, बाळंत पोरगी होणार का तू."

"आणि न विचारता निघालात तर?"

"वघईच्या बसमधून उतरवून आणतात," जिबली म्हणाली. "मागच्या साली आणलं ना एकाला. पाठ फोडून काढली."

बोलून झालं आणि तिच्या लक्षात आलं, कारकून लिहायचा थांबलाय आणि तिच्याकडे बघतोय. ऊर्मिलाबेनही बघताहेत. साहेबांनी पहिला कागद उभा आडवा फाडला नाही की काही नाही, फक्त त्यावर रेघ ओढली, बाजूला सही केली आणि कारकुनाला म्हणाले, "नवा कागद घ्या. बाई आत्ता जे बोलल्या तेच लिहा, शब्दाला शब्द."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिबली घाबरली. "साहेब, मी भाईच्या विरुद्ध काय नाय बोलले हो. मी तर मीरकीच्या विरुद्ध बोलत होते!"

साहेबांना हसू आवरलं नाही, पण ते लगेच गंभीर झाले. "बाई, ऐका. उचल घेतली म्हणून माणसाला जाऊ द्यायचं नाही, याला कायद्यात वेठबिगारी म्हणतात. तुमच्या मर्जीने घेतली असली तरी. ती डेढी आजपासून संपली. तुमचीही आणि तुमच्या जावेचीही. तिची तुमच्यावर येत नाही, तुमची तिच्यावर जात नाही. उद्या कुणी त्या पैशासाठी दारात आलं तर द्यायचे नाहीत. तुम्ही दिलेत आणि त्याने घेतले, तर घेणारा तुरुंगात जाईल."

"फेडायचेच नाय?" तिला ते पटेना. घेतलेलं फेडायचं, हे तर आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं.

"कापलेल्या उसाचा टनामागे हिशेब होईल, ती मजुरी तुमची आहेच. ती उलट तुम्हाला यायचीय."

जिबलीने ट्रकाकडे पाहिलं. गुलाबभाईने लांबूनच तिला मान हलवून खूण केली, शाबास अशी.  तिने अंगठा पुन्हा शाईत बुडवला आणि नव्या कागदावर दाबला, जरा जास्तच जोराने.

मग लासू गेला, मग तिसरा, मग चौथा. जिबलीने जाताना त्यांना एवढंच सांगितलं होतं, "खरं सांगा. मी सांगितलंय." दुपारपर्यंत अठरा झोपड्यांची सगळी माणसं बोलून झाली. पोलीस मुकादमाच्या घरी जाऊन कार्डांची पिशवी घेऊन आले. गुलाबभाईला त्यांनी जीपमध्ये बसवलं, तेव्हा तो जिबलीकडे बघून म्हणाला, "तू पण, जिबले? तू तर घरची."

"घरची होते म्हणून तर घरी जाऊ दिलं नाय तुम्ही," जिबली म्हणाली. हे उत्तर तिला आयत्या वेळी सुचलं याचा तिला पुढे वर्षभर अभिमान होता.

संध्याकाळी प्रांत कचेरीत प्रत्येकाला एकेक दाखला मिळाला. मुक्तीचा दाखला, साहेबांच्या सहीचा, शिक्का मारलेला. तातडीच्या मदतीचे पैसे खात्यात येतील, तीस हजारांपर्यंत. बाकीची मदत खटल्याच्या निकालानंतर. रात्र कचेरीजवळच्या सभागृहात काढली आणि सकाळी सरकारी गाडीने सगळे डांगाकडे निघाले.

गाडीत मीरकी नेमकी जिबलीच्या शेजारी आली.  सागाची झाडं दिसायला लागली तेव्हा जिबलीने खिडकीकडे तोंड करून विचारलं, "कशी आहे सुमी?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? तिच्याकडंच गेली होतीस ना?"

"नाय गेले." मीरकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "खोटं नाय बोलत, मन लई होतं. वघईची बस लागली होती. पायरीवर एक पाय पण टाकला होता."

"मग?"

"मग वाटलं, सुमी पहिलं विचारंल, आई कुठाय. काय सांगायचं? माझी उचल तुझ्या माथी बसणार, हे काय मला कळत नव्हतं? उतरले. युनियनच्या हपीसाचा पत्ता मनशूकडं होता. पाच दिवस तिथंच फरशीवर झोपलो. ऊर्मिलाबेनची साडी आहे ही. परत द्यायचीय."

जिबलीच्या आत काहीतरी विरघळायला हवं होतं, पण विरघळलं नाही. उलट जळलंच. पोरीच्या मायेत ही पुढे, कष्टात पुढे, आणि आता चांगुलपणातही हिनंच बाजी मारावी? माणसाने मत्सर तरी करायचा कुठे?

"मी तुला खोटी पाडायला निघाले होते," ती शेवटी म्हणाली. "साहेबाला सांगितलं, हिला इथंच ठेवा म्हणून."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मीच ऊर्मिलाबेनला सांगून ठेवलं होतं. म्हटलं, माझी जाऊबाई आधी माझ्या नावानं बोटं मोडंल. तेवढं मोडू द्या. मग सुमीचं नाव काढा, मग ती खरं बोलंल."

पुढच्या बाकावरचा लासू खदाखदा हसला. "वीस वर्षं ओळखते ती तुला!"

"तू गप रे," जिबली म्हणाली. तिला चिडायचं होतं, पण तोंड दुसरीकडेच वळून हसायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. सुमीच्या लग्नात राहून गेलेलं ते पाणी होतं.

गावाच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात म्हातारी नागलीचं पीठ चाळत बसली होती. तिने चाळण खाली ठेवली. "आता येता होय? पोरगी झाली. परवा."

परवा. म्हणजे जिबली मीरकीला पडावावर ठेवा म्हणत होती, त्याच्या आदल्या दिवशी.  पहिलं पाणी हुकलं होतं. ती धावत आत गेली. सुमी बाजेवर पडली होती, तोंड उतरलेलं, पण हसरं. शेजारी फडक्यात मूठभर जीव. जिबलीने त्याला उचललं, छातीशी धरलं, हुंगलं. पहिली आपणच आलो. मीरकी अजून अंगणातच होती, मुद्दामच. आईनं आधी घ्यावं म्हणून.

सुमीने आईच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. "आणि काकी? काकी नाय आली?"

झालं. जिबलीच्या पोटात ते जुनं दुखणं उठलं, अगदी तिथल्या तिथे. वीस वर्षांचं दुखणं एका दाखल्यावर थोडंच फिटतं! क्षणभर तिला वाटलं, म्हणावं, येतेय मागून, तिला काय घाई. मग तिने पोरीकडे पाहिलं, कुशीतल्या पोरीच्या पोरीकडे पाहिलं.

"आली," ती म्हणाली. "तिनंच मला आणलं."

आणि दाराकडे वळून ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाळ दचकलं, "अगं ये की आत मीरके! का तुला आणायला पण प्रांतसाहेबाची जीप पाठवू?"